कॉफीची थैली फुगली म्हणून टोचू नका : व्हॉल्व्हच्या थैलीबाबत या चुका टाळा

मे महिन्यातली गोष्ट. परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घाट लागायच्या आधी आमची टपरी आहे. चहा तर आहेच, पण वर फिरायला जाणारे लोक कॉफी मागतात म्हणून तीन वर्षांपासून मी भाजलेले दाणे मागवते आणि गिऱ्हाईकासमोर दळून कॉफी करून देते. कुणाला आवडली तर पाव किलोची थैलीही विकते. महाराष्ट्रात कॉफी पिकणारं ठिकाण म्हणून चिखलदऱ्याचं नाव घेतात, त्यामुळे माझे दाणे वरच्या मळ्यातलेच असतील असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. माझे दाणे चिकमंगळूरहून कुरिअरने येतात.

त्या वेळी चार थैल्या आल्या होत्या. भाजल्याची तारीख २ मे, घरी पोचल्या ७ मे. वाटेत गाडीत कुठे किती तापल्या देव जाणे. पेटी उघडली तर चारही थैल्या उशीसारख्या टम्म. मी त्या टपरीमागच्या खोलीत फळीवर ठेवल्या आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी, म्हणजे माझे सासरे, एक थैली आणि पोती शिवायचं दाभण हातात घेऊन उभे.

“सूनबाई, हे थैली तं फुगली नं वं! आतमंदी सडलं असंन. म्या टोचलं त्याले, हवा काहाडली.”

मामाजींनी आयुष्यभर ढोरं सांभाळली. हिरवा चारा जास्त खाऊन बैलाचं पोट फुगलं आणि जनावर आडवं व्हायला लागलं, की डॉक्टर डाव्या कुशीत सुई घालून गॅस काढतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. दुधाची पिशवी फुगली की दूध नासलेलं, लोणच्याचा डबा फुगला की लोणचं आंबलेलं, हेही त्यांना ठाऊक. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हताच. कॉफीची थैली तेवढी त्या हिशेबात बसत नाही.

फुगलेली थैली म्हणजे नासलेली कॉफी नव्हे

दाणा भाजताना त्याच्या आत कार्बन डायऑक्साइड तयार होतो. थोडा भाजतानाच उडून जातो, बाकीचा दाण्याच्या बारीक छिद्रांत अडकून राहतो आणि पुढे कितीतरी दिवस हळूहळू बाहेर पडत राहतो. आंबून नव्हे, कुजून नव्हे. भाजलेल्या दाण्यात कीड किंवा बुरशी जगायला लागणारं पाणीच नसतं, ओलावा दोन-तीन टक्के असला तरी खूप.

हा गॅस किती, ते कळलं की थैलीची धडपडही कळते. दाण्याच्या वजनाच्या एक टक्का गॅस धरा, गडद भाजलेल्या दाण्यात तो याहून जास्तही असतो. पाव किलोच्या थैलीत म्हणजे अडीच ग्रॅम झाला. ऐकायला काहीच नाही, पण अडीच ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मोकळा झाला की जवळपास १.४ लिटर जागा घेतो, आणि पाव किलोची थैली स्वतः पाऊण लिटरच्या आसपास असते. वाट मिळाली नाही तर गॅस कुठली तरी शिवण उसवूनच बाहेर येणार. म्हणून थैलीच्या वरच्या भागात ते बटणासारखं गोल असतं. त्याला एकतर्फी व्हॉल्व्ह म्हणतात, आमच्या टपरीवर त्याचं नाव ‘वाल’.

मग व्हॉल्व्ह असूनही थैल्या फुगलेल्या का आल्या? कारण व्हॉल्व्ह आतला दाब थोडा वाढल्याशिवाय उघडत नाही, आणि बंद झाला तरी तेवढा थोडा दाब आत राहतोच. त्यात उकाडा. २५ अंशांवरची हवा ४५ अंशांवर गेली की सात टक्क्यांच्या आसपास फुगते, पण तो मोठा भाग नाही. मोठा भाग हा की गरम दाणा गॅस जास्त वेगाने सोडतो. ताजी थैली उन्हाळ्यात फुगलेली दिसणं हे बरं लक्षण आहे : दाणे ताजे आहेत आणि सील शाबूत आहे. दाबून पाहिलं की ती फुस्स करून हवा सोडते आणि नरम पडते. दाबूनही दगडासारखी घट्ट राहिली, तर मात्र व्हॉल्व्ह अडलाय. त्याची गोष्ट पुढे येते.

व्हॉल्व्ह म्हणजे विहिरीतल्या मोटरचा फुटवाल

मामाजींना मी हे मोटरच्या भाषेत सांगितलं. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या टोकाला फुटवाल असतो. मोटर पाणी ओढते तेव्हा त्याची झडप वर उचलते, मोटर बंद झाली की झडप बसते आणि पाइपातलं पाणी परत विहिरीत जात नाही. झडपेत वाळूचा एक कण किंवा पालापाचोळा अडकला, की रात्रभरात पाइप रिकामा आणि सकाळी मोटर हवा खाते. हे आमच्याकडे प्रत्येक शेतकऱ्याला पाठ आहे.

थैलीच्या बटणातही तेच आहे, फक्त इवलंसं. प्लास्टिकची वाटी, तिच्या तळाला बारीक छिद्रं, त्यावर रबरासारखी पातळ चकती, आणि चकती नीट चिकटून बसावी म्हणून तिच्याखाली सिलिकॉन तेलाचा अगदी पातळ थर. आतला गॅस चकतीला किंचित उचलतो, बाहेर पडतो, चकती परत बसते. बाहेरची हवा आत यायला निघाली तर ती चकतीला खालीच दाबते, म्हणजे दार आणखी घट्ट होतं. ही युक्ती १९६० च्या दशकात इटलीतल्या लुइजी गोल्यो यांच्या कंपनीने बाजारात आणली. त्याआधी भाजलेले दाणे काही दिवस उघडे ठेवून गॅस उडू द्यायचे आणि मगच डब्यात भरायचे. त्यात गॅसबरोबर वासही जायचा.

दाभणाने पडलेलं भोक म्हणजे झडप नसलेला पाइप. भोकाला दिशा नसते. आतला गॅस जातो त्याच वाटेने बाहेरची हवा आत येते, आणि हे दोन्ही एकाच वेळी चालू असतं. वर आमच्याकडे दिवसा पारा चव्वेचाळीसला आणि पहाटे अठ्ठावीस-तिशीला. दुपारी थैली तापून फुगते, हवा सोडते. रात्री आतली हवा आक्रसते. शाबूत थैली त्या वेळी थोडी चेपते एवढंच. भोक पडलेली थैली रोज रात्री बाहेरची हवा ओढते, माणसाने श्वास घ्यावा तशी. त्या हवेतला ऑक्सिजन दाण्याच्या तेलाला आणि वासाला लागतो. उष्णतेत हे काम आणखी वेगाने होतं, म्हणून बंगळुरात ज्या चुकीला महिना लागेल ती इथे पंधरवड्यात समोर येते.

मामाजी म्हणाले, “मंग आता बूच लावून दे.” मी भोकावर जाड चिकटपट्टी लावली. खरं तर ती थैली तेव्हाच फोडून आठवड्यात संपवायला हवी होती. पण एक गोष्ट पाहायची होती म्हणून मी पट्टी काढून ती तशीच राहू दिली.

तिसरी थैली : स्टिकर माझाच

आता माझी चूक. दुसऱ्याची सांगितली तर स्वतःचीही सांगायला हवी.

विकायच्या थैल्यांवर मी किमतीचा स्टिकर लावते. थैलीचा पुढचा भाग नक्षीने भरलेला, त्यामुळे मोकळी गोल जागा दिसली तिथे, नेमका व्हॉल्व्हवर, मी एका थैलीला स्टिकर चिकटवला. छान दिसत होता. फळी पत्र्याच्या छताखाली होती, आणि मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याखालची खोली म्हणजे काय ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. चार दिवसांनी ती थैली ढोलकीसारखी ताणलेली. मी हात लावायला गेले, तोवर खालच्या कोपऱ्यातल्या सीलने दम सोडला. आवाज फार मोठा झाला नाही, फट्‌ एवढाच. पण पाव किलो दाणे ओट्यावर, ओट्यावरून जमिनीवर, आणि काही थेट चुलीच्या राखेत. शेजारी गिऱ्हाईकासाठी केलेल्या कॉफीचा कप वाफाळत होता. गिऱ्हाईक हसलं. मी नाही हसले, तीनशे रुपये सांडले होते.

व्हॉल्व्ह झाकला जाण्याच्या वाटा अशाच साध्या असतात. किमतीचा स्टिकर, कुरिअरवाल्याची पट्टी, थैल्या एकमेकींवर आडव्या रचल्यामुळे वरच्या थैलीने खालच्या थैलीचं बटण दाबून धरणं. थैली उभी ठेवावी. आडवीच ठेवायची वेळ आली तर बटण वरच्या बाजूला हवं. म्हणजे दाण्यांवरचा पापुद्र्याचा भुगाही बटणाच्या छिद्रांत कमी जातो. हा भुगा फुटवालातल्या वाळूसारखा आहे. तो छिद्रांत बसला तर गॅस अडतो, चकतीखाली शिरला तर चकती पूर्ण बसत नाही आणि हवा आत शिरते. दळलेल्या पुडीच्या थैलीत ही भीती जास्त, म्हणून चांगल्या व्हॉल्व्हला आतून गाळणकागद लावलेला असतो. रिकामी थैली उलटी करून आत पाहिलंत तर तो पांढरा गोल दिसेल.

एकदा अशीही थैली हाती आली होती की बटण होतं पण त्याखाली थैलीला छिद्रच पाडलेलं नव्हतं. नुसता दागिना. थैल्या स्वस्तात विकणाऱ्या कुणाकडून आणल्या होत्या, दोष ज्याचा त्याला. तेव्हापासून नव्या थैल्यांच्या गठ्ठ्यातली एक मी आधी रिकामीच तपासते. मोबाइलचा टॉर्च थैलीत घालून खोली अंधारी केली की दोन गोष्टी कळतात. बटणाखाली बारीक भोकं उजेडाने चमकायला हवीत. आणि बाकी थैलीतून उजेड अजिबात दिसायला नको. दिसला तर आत अॅल्युमिनियमचा थर नाही, नुसता कागद आणि प्लास्टिक आहे. अशा थैलीला कितीही चांगला व्हॉल्व्ह लावा, हवा थैलीच्या अंगातूनच येते.

व्हॉल्व्ह चालतोय की नाही, हे घरी कसं ओळखायचं

थैली गालाजवळ धरा, बटण गालाकडे. दोन्ही हातांनी हळू, सारखा दाब द्या. गालाला बारीक झुळूक लागली, कॉफीचा वास आला, की बाहेरची वाट मोकळी आहे. आता हात सैल सोडा आणि थैलीकडे बघत राहा. ती चेपलेलीच राहिली तर चकती बसली आहे. हात सोडताच थैली पुन्हा भरायला लागली तर ती हवा ओढतेय.

इथे एक गल्लत होते. ताज्या दाण्यांची थैली चेपल्यावर काही तासांनी आपोआप पुन्हा फुगते. ती आतल्या गॅसने, हवेने नव्हे. फरक वेळेचा आहे : सेकंदांत किंवा मिनिटा-दोन मिनिटांत फुगली तर गळती, संध्याकाळची चेपलेली सकाळी फुगलेली दिसली तर ताजेपणा.

गळती व्हॉल्व्हची की शिवणीची, हे पाहायला बादलीभर पाणी पुरतं. बंद थैली पाण्यात धरून हलकेच दाबा. बुडबुडे बटणातून आले तर ठीक, तेच त्याचं काम. कोपऱ्यातून किंवा वरच्या सीलमधून आले तर तिथे दोष. सीलमध्ये दाण्याचा कण किंवा भुगा अडकून राहिला की असं होतं. न दाबताही बटणातून बुडबुडे येत राहिले, तर थैली ताजी असेल तेव्हा तो गॅसच असू शकतो. तेवढ्यावरून बटणाला नावं ठेवू नयेत. नंतर थैली लगेच कोरडी पुसायची, ओल्या हाताने फोडायची नाही.

ही तपासणी एकदाच करायची. दुकानात लोक वासासाठी थैली पुन्हा पुन्हा दाबतात. सुगंध म्हणजे दाण्यातून उडणारे पदार्थ, आणि दाबलं की तेच बाहेर जातात. दहा गिऱ्हाइकांनी दाबलेली थैली अकराव्याला वासच देत नाही. मी आता वास घ्यायला वाटीत चार दाणे वेगळे ठेवते.

दोन थैल्यांची कॉफी, २४ मे

फुटलेली थैली गेली. चौथी विकली गेली. उरल्या दोन : एक शाबूत, एक दाभणाची. दोन्ही एकाच भाजणीच्या, एकाच फळीवर ठेवलेल्या. भोक पडल्याला सोळा दिवस झाले होते.

दोन्हींतले १५-१५ ग्रॅम दाणे सारखे दळले. पाणी उकळून मिनिटभर थांबले. वर चिखलदऱ्यात, अकराशे मीटरच्या उंचीवर, पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, तिथे थांबायची गरज पडत नाही. खाली आम्हाला थांबावं लागतं. मग गाळणीतल्या पुडीवर आधी फक्त ४० मिली पाणी आणि अर्धा मिनिट वाट. याला कॉफीवाले ब्लूम म्हणतात. ताज्या पुडीत उरलेला गॅस गरम पाण्याने एकदम मोकळा होतो आणि पूड वर चढते.

शाबूत थैलीची पूड तव्यावरच्या भाकरीसारखी फुगली, वर बुडबुडे फुटले, वास आधी नाकाशी आणि मग शेजारच्या बाकापर्यंत गेला. दाभणाच्या थैलीची पूड ओल्या मातीसारखी बसली. दोन-चार बुडबुडे आले आणि थांबले. उरलेलं पाणी ओतून दोन्ही २२५ मिलीवर आणल्या आणि मामाजींना दोन्ही कप दिले, कुठला कोणता हे न सांगता. पहिला त्यांनी संपवला. दुसऱ्याचा एक घोट घेतला आणि म्हणाले, “हे तं जुन्या शेंगदाण्यावानी लागते वं. खवट.” बरोबर ओळखलं. मला त्यात भिजलेल्या पुठ्ठ्याची चवही लागली. दूध-साखर घातली तर निम्मं झाकलं जातं, पण झाकलं जातं एवढंच.

दाणे विषारी झाले नव्हते, फेकले नाहीत. आम्ही गूळ आणि थंड दूध घालून घरी संपवले. शेंगदाण्याचा खवटपणा आणि हा खवटपणा एकाच जातीचा : तेलाला हवा लागली.

थैली फोडल्यावर व्हॉल्व्ह विसरा

लोक सगळ्यात जास्त इथे फसतात. थैलीला व्हॉल्व्ह आहे म्हणजे फोडल्यावरही दाणे ताजे राहतात, असा समज आहे. व्हॉल्व्ह हवा आत येऊ देत नाही, पण थैली फोडताना तुम्ही स्वतःच हवा आत सोडता. ती त्याला दिसत नाही आणि बाहेरही काढता येत नाही. फोडल्यानंतर त्याचा एकच उपयोग उरतो : झिप लावून थैली दाबली की आत कोंडलेली बरीच हवा बटणातून निघून जाते. म्हणून रोज दाणे काढले की आधी झिपच्या खाचेतला भुगा बोटाने पुसायचा (एक कण अडला तरी झिप बसत नाही), मग झिप, मग दाण्यांपर्यंत थैली दाबायची, मग वरचा भाग घट्ट गुंडाळून कपड्यांचा चिमटा. पाव किलो दाणे मी उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांत संपवते, हिवाळ्यात तीन आठवडे निघतात. किलोची थैली स्वस्त पडते म्हणून घेतलेली मला तरी परवडलेली नाही.

काही जण थैली फोडून दाणे लगेच काचेच्या बरणीत किंवा स्टीलच्या घट्ट डब्यात ओततात. भाजून तीनच दिवस झालेले दाणे असतील तर डब्याला बटण नसतं हे लक्षात घ्या. माझ्या नणंदेच्या डब्याचं झाकण रात्री उडालं आणि मांजर दोन दिवस स्वयंपाकघरात आलं नाही. दाणे आठ-दहा दिवसांचे झाल्यावर डब्यात घालायला हरकत नाही, फक्त तो डबा आधी मसाल्याचा नसावा. काळ्या मसाल्याचा डबा दहा वेळा घासला तरी कॉफी त्याचा वास शोधून काढते.

ठेवायचं कुठे

आमच्याकडे मे महिन्यात गार जागा म्हटली की कूलरची खोली. तिथे ठेवू नका. कूलर हवा गार करतो ती पाण्यानेच, आणि दिवसभर कूलर चाललेल्या खोलीत मिठाच्या बरणीलाही पाझर फुटतो. बंद थैलीला त्याने काही होत नाही, पण फोडलेली थैली रोज तिथे उघडलीत तर दाणे ओलावा घेतात, दळताना चिवट होतात आणि मिक्सरच्या भांड्याला चिकटतात. दाणा चावून पाहा. कटकन मोडला तर कोरडा, रबरासारखा दबला तर ओल लागली.

पत्र्याखालची वरची फळी नको, चुलीवरचा कोनाडा नको, खिडकीतली ऊन लागणारी जागा नको. जुन्या मातीच्या घरात धान्याच्या कोठीची आतली खोली असते, अंधारी आणि जमिनीलगत. तीच उत्तम. आता माझ्या थैल्या तिथे ज्वारीच्या कोठीमागे लाकडी पेटीत असतात. दुपारी बाहेर चव्वेचाळीस असताना तिथे हात लावला तर पेटी गार लागते.

फ्रिजबद्दल लोक हटकून विचारतात. रोज वापरायची थैली फ्रिजमध्ये ठेवली तर प्रत्येक वेळी बाहेर काढून उघडताना गार दाण्यांवर बाहेरच्या हवेतलं पाणी जमतं, गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब येतात तसं. पावसाळ्यात, घाटात धुकं उतरतं तेव्हा तर फारच. वर कांद्या-लसणाचा वास. फ्रीझर वेगळा. त्यात न फोडलेली थैली महिनोन्‌महिने चांगली राहते, पण अटी आहेत. दाणे भाजून आठवडाभर झालेला असावा, म्हणजे गॅसचा जोर ओसरलेला असतो. तेव्हा मात्र बटणावर पट्टी लावायची, कारण आता गॅस सोडण्यापेक्षा हवा आत न येणं महत्त्वाचं. बाहेर काढली की रात्रभर तशीच बंद ठेवून घरच्या हवेइतकी गरम होऊ द्यायची, मगच फोडायची. परत फ्रीझरमध्ये टाकायची नाही. आणि गावात दिवसाला सहा-सात तास लाइट जात असेल तर हा उद्योगच करू नका, रोज वितळून रोज गोठणारी थैली कोठीतल्या थैलीपेक्षा वाईट.

घाईची चूक

ही छोटी आहे, पण ताजी थैली मिळाल्याच्या आनंदात होते. भाजून दुसऱ्याच दिवशी कॉफी केली तर गॅस इतका असतो की पाणी पुडीत शिरण्याआधीच फेसाळून वर येतं. कॉफी पातळ आणि आंबट लागते, आणि दोष दाण्याला जातो. मध्यम भाजलेल्या दाण्याला पाच ते सात दिवस द्या, हलक्या भाजणीला त्याहून थोडे जास्त. गडद दाणा लवकर तयार होतो आणि लवकर उतरतोही. म्हणून थैलीवर भाजल्याची तारीख शोधा. नुसती ‘अमुक महिन्यांच्या आत वापरा’ एवढीच ओळ असेल तर त्यावरून दाणा किती दिवसांचा हे कळत नाही.

दळलेली पूड घेणाऱ्यांना एवढंच सांगते की दळताक्षणीच बराचसा गॅस आणि वास उडून जातो. पुडीच्या थैलीवरचं बटण तुमच्यासाठी फारसं काही करत नाही. चिकोरी मिसळलेली पूड तर हवेतली ओल ओढून गोळे धरते. ती लहान पाकिटात घ्या आणि चमचा कोरडा ठेवा.

टोचून झालं असेल तर

भोक मोठं असेल, फाटल्यासारखं, तर दाणे लगेच दुसऱ्या घट्ट थैलीत किंवा कोरड्या डब्यात घाला आणि आठवड्यात संपवा. बारीक असेल तर भोकाभोवतीची जागा कोरड्या फडक्याने पुसून जाड चिकटपट्टी लावा, बटण मोकळं ठेवा. पट्टी नीट बसली की नाही ते गालाच्या तपासणीने कळेल : झुळूक बटणातूनच यायला हवी. पट्टी उष्णतेने दोन दिवसांत सुटते, तेव्हा रोज बोट फिरवून पाहा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुढच्या थैल्या आल्या. मामाजींनी त्या स्वतः पेटीतून काढल्या, एकेक थैली कानाशी धरून दाबली, फुस्स ऐकलं, आणि बटण वर करून कोठीमागच्या पेटीत ओळीने लावल्या. एक थैली त्यांनी बाजूला ठेवली. तिच्या कोपऱ्यातून फुस्स येत होतं.